चित्रातील दुकानांवर उमटणारी निरर्थक अक्षरे आणि बनावट नावे: ती का येतात आणि कशी टाळावीत

गड्डा यात्रेच्या आधीच्या दिवसांत सोलापुरातील चादर-टॉवेलची दुकाने, शेंगा चटणीचे घरगुती उद्योग आणि नवी पेठेतील कापडवाले आपापले फ्लेक्स आणि व्हॉट्सॲपवर फिरवायची जाहिरात-चित्रे तयार करून घेतात. या कामासाठी चित्र-मॉडेल, म्हणजे शब्दांतील वर्णनावरून चित्र काढून देणारी संगणक प्रणाली, वापरणाऱ्या डीटीपी चालकांना एक अडचण हमखास येते. चित्र देखणे उतरते, मात्र त्यातील दुकानांच्या पाट्यांवर, गिऱ्हाइकांच्या हातातील पिशव्यांवर आणि कधी कधी खुद्द चादरीच्या काठावर अशी अक्षरे उमटतात, की जी देवनागरीसारखी दिसतात पण कोणालाच वाचता येत नाहीत. काही वेळा तेथे एखाद्या नामांकित कंपनीशी चुलत नाते सांगणारे बनावट नाव झळकते. पुढे नवी पेठेतील चादरीच्या दुकानासाठी करायच्या एका फ्लेक्सचे उदाहरण घेऊन हे असे का होते आणि कोणत्या टप्प्यावर काय केले म्हणजे ते टळते, हे पाहू.

हा दोष मोबाइलच्या पडद्यावर बहुधा निसटतो आणि फ्लेक्सवर उघडा पडतो. समजा, १०२४ पिक्सेल रुंदीचे चित्र ८ फुटांच्या फ्लेक्सवर छापले, तर एका इंचात जेमतेम अकरा पिक्सेल येतात. मोबाइलवर बारीक रेघोटीसारखे वाटलेले १५ पिक्सेल उंचीचे अक्षर तेथे जवळपास दीड इंचाचे होते आणि रस्त्याने जाणारा माणूस ते वाचायचा प्रयत्न करतो. मोठे छापण्यापूर्वी चित्र अपस्केलरमधून, म्हणजे चित्राचे पिक्सेल वाढवणाऱ्या साधनातून, काढले, तर परिस्थिती आणखी बिघडते, कारण अपस्केलर अस्पष्ट रेघांना धारदार करतो आणि आधी निदान धूसर असलेले निरर्थक अक्षर आता ठसठशीतपणे निरर्थक होते. म्हणून अक्षरांचा बंदोबस्त नेहमी अपस्केल करण्यापूर्वी करावा.

अक्षरे कोठून येतात

चित्र-मॉडेलला शिकवताना इंटरनेटवरील चित्रे आणि त्यांच्यासोबतचा मजकूर अशा जोड्या दिल्या जातात. स्टेबल डिफ्यूजनच्या सुरुवातीच्या आवृत्त्या ज्या लायन-५बी या संग्रहातून निवडलेल्या चित्रांवर शिकवल्या गेल्या, त्या संग्रहात ५८५ कोटी जोड्या होत्या. अशा एखाद्या जोडीत बाजारपेठेचे छायाचित्र असते आणि सोबत ‘भारतातील गजबजलेला बाजार’ एवढाच मजकूर असतो. छायाचित्रातील पंधरा पाट्यांवर काय लिहिले आहे, हे त्यात कोठेही नसते. त्यामुळे बाजाराच्या चित्रात दुकानाच्या दारावर आडवा आयत असतो, त्यावर गडद-फिकट रेघांची रांग असते आणि भारतीय चित्र असेल तर त्या रांगेवरून एक शिरोरेषा जाते, इतके मॉडेल पक्के शिकते. कोणत्या अक्षरानंतर कोणते अक्षर यावे, याचा धडा मात्र त्याला मिळालेलाच नसतो. कन्नड न वाचता येणाऱ्या माणसाने विजापूरच्या वाटेवर एसटीच्या खिडकीतून पाहिलेल्या पाट्या घरी येऊन आठवणीने काढल्या, तर कन्नड वळण अचूक आणि मजकूर शून्य असे जे चित्र तयार होईल, तसेच हे असते.

दुसरे कारण मजकूर समजून घेणाऱ्या भागात आहे. आपण लिहिलेला प्रॉम्प्ट, म्हणजे हव्या त्या चित्राचे शब्दांतील वर्णन, मॉडेलला अक्षराअक्षराने मिळत नाही, तर शब्दांचे तुकडे करून आकड्यांच्या रूपात मिळतो. ओळखीचा इंग्रजी शब्द असेल तर अख्खा शब्द हाच एक तुकडा होतो, आणि त्या तुकड्याच्या पोटात कोणती अक्षरे आहेत हे मॉडेलला दिसत नाही. गूगलच्या संशोधकांनी २०२२ च्या अखेरीस मांडलेल्या अभ्यासात हेच दाखवून दिले होते, की अक्षरे सुटी पाहू शकणारा एन्कोडर, म्हणजे मजकुराचे आकडे करणारा भाग, जोडला तर चित्रातील शब्दलेखन लक्षणीय सुधारते. देवनागरीची अडचण याच्या उलट बाजूची आहे. ‘सोलापूर’ हा शब्द संगणकाच्या यूटीएफ-८ पद्धतीत २१ बाइटचा होतो, आणि मुख्यतः इंग्रजीसाठी घडवलेला एन्कोडर त्याचे असे बारीक तुकडे करतो, की त्यांतून शब्दाचा अर्थही हाती लागत नाही आणि आकारही लागत नाही.

तिसरे कारण सर्वांत यांत्रिक असून रोजच्या कामात त्याचाच जास्त उपयोग होतो. या वर्गातील बहुतेक मॉडेले थेट पिक्सेलवर चित्र काढत नाहीत. चित्राची लांबी-रुंदी प्रत्येकी आठ पटींनी कमी केलेली एक सांकेतिक जाळी असते, तिच्यावर सारे काम चालते आणि शेवटी व्हीएई नावाचा भाग त्या जाळीवरून पूर्ण आकाराचे चित्र उलगडतो. एसडीएक्सएल या २०२३ सालच्या मॉडेलमध्ये १०२४ × १०२४ पिक्सेलचे चित्र १२८ × १२८ चौकटींच्या जाळीत बसवलेले असते. म्हणजे १६ पिक्सेल उंचीच्या अक्षराच्या वाट्याला उभ्या दोनच चौकटी येतात. इंग्रजी ‘L’ कदाचित त्यात निभावेल, परंतु ‘ष्ट्र’ सारखे जोडाक्षर, त्यावरील शिरोरेषा आणि पुढची मात्रा दोन चौकटींत मावणे शक्य नाही. २०२४ मध्ये आलेल्या स्टेबल डिफ्यूजन ३ आणि फ्लक्स यांच्या जाळीत प्रत्येक चौकटीत ४ ऐवजी १६ आकडे साठवलेले असतात. त्यामुळे बारीक तपशील बराच टिकतो, तरीही अगदी लहान अक्षरांची मर्यादा संपत नाही.

याची खात्री स्वतःच्या डोळ्यांनी करून घेता येते आणि ती एकदा जरूर करावी. टिळक चौकात उभे राहून दुकानांच्या पाट्यांचा एक साधा फोटो काढावा, तो १०२४ पिक्सेलवर आणावा आणि ComfyUI या चित्र-मॉडेल चालवण्याच्या साधनात `Load Image`, `VAE Encode`, `VAE Decode` आणि `Preview Image` हे नोड एकापुढे एक जोडून त्यातून काढावा. `Load VAE` मधून आपल्या मॉडेलचा व्हीएई दोन्ही मधल्या नोडना द्यावा. येथे मॉडेलने नवीन काहीच काढलेले नसते, केवळ खरा फोटो जाळीत घालून परत बाहेर आणलेला असतो, आणि तरीही लांबच्या पाट्यांवरील अक्षरे मोडलेली दिसतात. ज्या उंचीची अक्षरे या फेऱ्यात शाबूत राहिली, तीच आपल्या मॉडेलची खालची मर्यादा आहे असे धरून चालावे.

बनावट ब्रँडनावांचा उलगडाही याच तीन कारणांत आहे. जे बोधचिन्ह शिकवणीच्या चित्रांत असंख्य वेळा आले, त्याचा रंग, वळण आणि जागा मॉडेलच्या अंगवळणी पडलेली असते. लाल पाटीवर पांढरी वळणदार अक्षरे आली की ती शीतपेयाचीच वाटतात. मात्र स्पेलिंगचा धरबंध नसल्यामुळे मूळ नावातील दोन अक्षरे गळतात आणि तिसरेच एक घुसते. म्हणूनच ही नावे कोठेतरी पाहिल्यासारखी वाटतात.

पायरी पहिली: पाटी उगवण्याचे कारणच प्रॉम्प्टमधून काढणे

चित्र तयार होताना सुरुवातीच्या काही टप्प्यांतच मोठ्या आकारांची मांडणी ठरते: दार कोठे, रस्ता कोठे, दारावरचा उजळ आयत कोठे. एकदा दारावर पाटीच्या जागी आयत बसला, की उरलेल्या टप्प्यांत मॉडेल त्यावर रेघा ओढणारच, कारण कोरी पाटी त्याने क्वचितच पाहिलेली आहे. म्हणून नंतर अक्षरे पुसत बसण्यापेक्षा तो आयतच बसू न देणे कितीतरी स्वस्त पडते.

चादरीच्या दुकानाच्या फ्लेक्ससाठी सर्वसाधारणपणे पहिला प्रॉम्प्ट असा लिहिला जातो:

```
poster of a busy Indian market street in Solapur, shops selling
cotton blankets, festival, advertisement, highly detailed
```

यातील जवळपास प्रत्येक शब्द अक्षरांना आमंत्रण देतो. `poster` म्हटल्यावर मॉडेल चित्रासोबत शीर्षकही काढते, कारण त्याने पाहिलेल्या जवळपास प्रत्येक पोस्टरवर शीर्षक होते. `advertisement` तेच काम दुसऱ्यांदा करतो आणि कोपऱ्यात बोधचिन्हासारखा डाग आणून ठेवतो. `busy market street` मुळे दोन्ही बाजूंना पाट्यांची रांग लागते, `festival` मुळे रस्त्यावर आडवे कापडी फलक येतात, आणि `highly detailed` हा निरुपद्रवी वाटणारा शब्दप्रयोग उरलेल्या प्रत्येक मोकळ्या पृष्ठभागावर काहीतरी भरायला लावतो. `Solapur` या शब्दाने मात्र फारसे काही होत नाही. सोलापूरचे म्हणून ओळखता येईल असे चित्र त्यातून निघत नाही, सर्वसाधारण भारतीय बाजार निघतो आणि त्याच्या पाट्या तेवढ्या जास्त येतात.

आपल्याला जाहिरात हवी असली तरी मॉडेलकडून जाहिरात मागायची नसते, केवळ चित्र मागायचे असते. त्या चित्रातील प्रत्येक पृष्ठभाग कशाचा आणि कोणत्या रंगाचा आहे, हे आपणच होकारार्थी शब्दांत सांगून टाकावे, म्हणजे मॉडेलला तेथे स्वतःच्या मनाचे भरायला वाव उरत नाही:

```
photograph, stack of folded woven cotton blankets on a wooden bench,
old black stone doorway, plain whitewashed wall behind,
solid maroon cloth awning, morning light, medium shot,
shallow depth of field
```

येथे रस्ता गेला, बाजार गेला आणि चौकट जवळ आली. दारावर पाटी असण्याच्या जागी एकरंगी कापडी छत आहे, म्हणजे तो आयत आधीच व्यापला गेला. पार्श्वभूमी धूसर मागितल्यामुळे तेथे चुकून काही उमटले तरी ते वाचण्याजोगे राहत नाही. गजबज खरोखरच हवी असेल, तर माणसे पाठमोरी आणि धूसर ठेवावीत, त्यांच्या अंगावर एकरंगी कपडे सांगावेत आणि हातात पिशव्यांऐवजी पितळी भांडी किंवा फुलांच्या परड्या द्याव्यात. छातीवर मजकूर असलेला टी-शर्ट आणि कापडी पिशवी ही दोन ठिकाणे पाट्यांच्या खालोखाल त्रास देतात.

`woven` लिहिले आहे आणि `handwoven` लिहिलेले नाही, हे जाणूनबुजून केले आहे. सोलापुरी चादर मुख्यतः यंत्रमागावर विणली जाते. भौगोलिक मानांकन असलेल्या मालाच्या जाहिरातीत हातमागाचा आभास निर्माण करणे योग्य नाही.

‘अक्षरे नकोत’ असे सांगून का भागत नाही

प्रॉम्प्टमध्येच `no text, no signboards` लिहिण्याची सवय अनेकांना असते. क्लिप या एन्कोडरवर आधारलेल्या मॉडेलमध्ये ती उलटते. क्लिप नकार नीट पकडत नाही, त्याच्या लेखी `signboards` हा शब्द आला म्हणजे चित्रात पाट्यांचा विषय निघाला. संवादातून चित्र काढून देणाऱ्या अलीकडच्या सेवांना नकार पुष्कळ बरा समजतो. तरीही तेथेदेखील ‘भिंत कोरी, पांढऱ्या चुन्याची’ हे वाक्य ‘भिंतीवर काही लिहू नका’ या वाक्यापेक्षा अधिक भरवशाचे ठरते.

नकारासाठी वेगळी जागा असते, ती नकारात्मक प्रॉम्प्टची. एसडीएक्सएलसारखे मॉडेल प्रत्येक टप्प्यावर दोन अंदाज बांधते, एक आपल्या प्रॉम्प्टच्या दिशेने आणि दुसरा नकारात्मक प्रॉम्प्टच्या दिशेने, आणि पहिल्याकडे सरकताना दुसऱ्यापासून दूर जाते. तेथे एवढे पुरेसे असते:

```
text, letters, signboard, logo, label, watermark, banner
```

चाळीस शब्दांची यादी घालण्यात अर्थ नाही, कारण जोर वाटला जातो आणि चित्र निस्तेज होते. यातील खरा धोका मात्र वेगळा आहे. दूर जाण्याची ही क्रिया सीएफजी, म्हणजे प्रॉम्प्टचा जोर ठरवणारा आकडा, १ पेक्षा मोठा असेल तरच घडते. फ्लक्सच्या खुल्या आवृत्त्या आणि ‘टर्बो’ किंवा ‘लाइटनिंग’ प्रकारची वेगवान मॉडेले सहसा सीएफजी १ वर चालवतात, आणि तेथे नकारात्मक प्रॉम्प्ट लिहिला काय आणि न लिहिला काय, सारखेच असते. आपल्याकडे तो काम करतो की नाही, हे तपासायचे असेल तर तोच सीड, म्हणजे चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा, कायम ठेवून एकदा नकारात्मक प्रॉम्प्टसह आणि एकदा त्याविना चित्र काढावे. दोन्ही चित्रे हुबेहूब एकसारखी आली, तर तो प्रॉम्प्ट वाचलाच जात नाही, असे समजावे आणि सारी भिस्त होकारार्थी वर्णनावर ठेवावी.

पायरी दुसरी: खरी जागा हवी असेल तेव्हा

काही मालकांचा आग्रह असतो की चित्रात आपलेच दुकान आणि आपलीच गल्ली दिसली पाहिजे. अशा वेळी खऱ्या फोटोवरून मांडणी उचलण्यासाठी कंट्रोलनेट वापरतात आणि बहुतेक जण सवयीने कॅनी, म्हणजे कडांचा नकाशा, निवडतात. अक्षरांच्या दृष्टीने ही निवड घातक आहे, कारण पाटीवरील प्रत्येक अक्षराची कड त्या नकाशात उतरते आणि मॉडेलला तेथे रेघा काढण्याचा जणू हुकूमच मिळतो. त्या कडांवरून ते अक्षरे काढते खरे, पण ती मोडकी निघतात.

त्याऐवजी खोलीचा नकाशा, म्हणजे डेप्थ, घ्यावा. त्यात कोणती वस्तू जवळ आणि कोणती लांब एवढेच नोंदलेले असते. पाटी सपाट असल्यामुळे ती सगळी एकाच करड्या छटेची दिसते आणि तिच्यावरील मजकूर नकाशात येतच नाही. दार, पायऱ्या, कट्टा आणि छत जागच्या जागी राहतात, अक्षरे मात्र मागे राहतात. कडांचा नकाशाच हवा असेल, तर तो आधी चित्र म्हणून साठवावा, पाट्यांवरील पांढऱ्या रेघा काळ्या ब्रशने पुसाव्यात आणि मगच तो कंट्रोलनेटला द्यावा. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि पुढचा तासभर वाचवते.

विक्रीचा माल मात्र मॉडेलकडून काढून घेऊच नये. अनेक सोलापुरी चादरींच्या काठावर उत्पादकाचे नाव विणलेले असते. मॉडेलने अशा काठाची चित्रे पाहिलेली असल्यामुळे ते नक्षीच्या मध्येच विणल्यासारखी दिसणारी अक्षरे घालते, आणि ती नक्षीत इतकी मिसळलेली असतात की छापून आल्यावरच ध्यानात येतात. शेंगा चटणीच्या पाकिटाचे तर आणखी गंभीर होते. पाकीट म्हटले की मॉडेल मागच्या बाजूचा बारीक मजकूर, हिरव्या चौकोनातील हिरवा ठिपका आणि परवान्याच्या आकड्यासारखी दिसणारी अंकांची रांगही काढते. अन्नपदार्थाच्या पाकिटावर खरा एफएसएसएआय परवाना क्रमांक १४ अंकी असतो. त्या जागी मनगढंत आकडे असलेले पाकीट जाहिरातीत दाखवणे ही शोभेची चूक राहत नाही. म्हणून चादरीचा किंवा पाकिटाचा फोटो दिवसाच्या उजेडात खरा काढावा, त्यावर मास्क लावून तो भाग सुरक्षित ठेवावा आणि मॉडेलकडून केवळ सभोवतालचे दृश्य भरून घ्यावे.

पायरी तिसरी: उरलेसुरले पुसणे

वरच्या दुसऱ्या प्रॉम्प्टमधूनही सहसा दोन-तीन ठिकाणी काहीतरी राहतेच. आपल्या उदाहरणात कापडी छताच्या झालरीवर रेघांची एक ओळ आणि भिंतीच्या कोपऱ्यात कॅलेंडरासारखा एक चौकोन उरला आहे, असे समजू. येथे इनपेंटिंग, म्हणजे चित्राचा निवडलेला भागच नव्याने काढून घेण्याची पद्धत, वापरताना दोन चुका वारंवार होतात.

पहिली चूक डिनॉइझिंगच्या, म्हणजे जुने चित्र किती बदलायचे ते ठरवणाऱ्या, आकड्याची. चित्र बिघडू नये म्हणून तो ०.३ किंवा ०.४ ठेवला जातो. एवढ्या कमी आकड्यावर जुन्या चित्राचा बराचसा सांगाडा तसाच राहतो, आणि त्या सांगाड्यावर मॉडेल पुन्हा अक्षरेच रंगवते, फक्त वेगळी. अक्षरे पुसायची असतील तर तो ०.८ च्या पुढे न्यावा लागतो. मास्कही अक्षरांच्या काठाला चिकटून न काढता सर्व बाजूंनी दहा-पंधरा पिक्सेल मोठा काढावा, कारण जाळीची एक चौकट आठ पिक्सेलची असते आणि अक्षराचा अंश शेजारच्या चौकटीत सांडलेला असतो.

दुसरी चूक म्हणजे संपूर्ण चित्राचाच प्रॉम्प्ट तेथे पुन्हा देणे. मास्कच्या छोट्या तुकड्यासाठी मॉडेलला दुकान, दार, चादरी यांची वर्णने दिली, तर ते त्या तुकड्यात छोटे दुकान काढू पाहते आणि त्याबरोबर पाटीही येते. तेथे फक्त त्या तुकड्याचे वर्णन द्यावे:

```
plain maroon cotton cloth, soft folds, even color
```

प्रॉम्प्टच न वाचणारे साधन वापरणे हा याहून सोपा मार्ग आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले लामा हे मॉडेल मास्कमधील भाग सभोवतालच्या पोतावरून भरून काढते. त्याला शब्दांचे ज्ञान नसते, म्हणून ते तेथे नवे नावही शोधून काढत नाही. साध्या संगणकावर, ग्राफिक्स कार्डाशिवायही ते चालते:

```
pip install iopaint
iopaint start --model=lama --device=cpu --port=8080
```

भिंत, आकाश, कापड, फरशी अशा एकसारख्या पृष्ठभागांवर लामाचे काम उत्तम होते. मात्र मास्कच्या मागे माणसाचा हात किंवा खिडकीचे गज असतील तर ते तेथे धुरकट डाग ठेवते, आणि अशा ठिकाणी वर सांगितलेले इनपेंटिंगच हवे. पाटी सपाट व समोरासमोर असेल तर या दोन्हींच्या नादी न लागता गिंप या चित्र-संपादनाच्या साधनात पाटीचा चौकोन निवडून एकाच रंगाने भरून टाकणे आणि त्यावर थोडे दाणेदारपण देणे, हे माझ्या मते सर्वांत जलद आहे.

तपासणी

डोळ्यांनी तपासताना चित्र शंभर टक्के आकारावर ठेवून एका कोपऱ्यापासून पट्ट्यापट्ट्याने पाहावे. माणसाचा चेहरा आणि माल यांच्याकडे नजर ओढली जाते आणि अक्षरे लपलेली असतात ती नेमकी इतरत्र: स्कूटरची नंबरप्लेट, शटरचा वरचा पट्टा, घड्याळाची तबकडी, पाण्याच्या बाटलीचे लेबल, दुकानातील गणपतीच्या तसबिरीखालची ओळ.

डोळ्यांना मदत म्हणून इझीओसीआर हे साधन चालवावे. ते आधी चित्रात मजकुरासारखे काय आहे ते शोधते आणि नंतर वाचायचा प्रयत्न करते, त्यामुळे न वाचता येणारी अक्षरेही पहिल्या टप्प्यावर सापडू शकतात:

```python
import easyocr
reader = easyocr.Reader(['mr', 'en'])
for box, text, conf in reader.readtext('chadar.png'):
    print(box, text, round(conf, 2))
```

निकालात प्रत्येक सापडलेल्या जागेचे कोपरे, वाचलेला मजकूर आणि ० ते १ मधील खात्रीचा आकडा येतो. मजकूर असंबद्ध आणि आकडा ०.१ किंवा ०.२ च्या आसपास असेल, तर ती जागा बहुधा निरर्थक अक्षरांची असते. आकडा मोठा आणि वाचलेला शब्द एखाद्या खऱ्या कंपनीच्या नावासारखा असेल, तर ती अधिक तातडीची बाब समजावी. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ नुसार फसगत होईल इतपत साम्य असलेले नावही अडचणीत आणू शकते, म्हणून अशा नावाची चौकशी करत न बसता ते पुसून टाकावे. चादरीच्या नक्षीवर हे साधन कधी कधी उगाचच मजकूर असल्याचा इशारा देते, तो दुर्लक्षावा. याउलट फार लहान अक्षरे त्याच्या नजरेतून सुटतात, म्हणून निकाल रिकामा आला तरी चित्र दुप्पट मोठे करून एकदा पुन्हा चालवावे.

पायरी चौथी: हवी ती अक्षरे आपण बसवणे

दुकानाचे नाव, पत्ता आणि यात्रेची सवलत ही अक्षरे मॉडेलच्या हाती देऊ नयेत. नवी मॉडेले इंग्रजीतील एखादा छोटा शब्द मोठ्या आकारात बरोबर काढतात. देवनागरीत मात्र वेलांटी गळणे, रफार भलत्या अक्षरावर चढणे आणि जोडाक्षर फुटणे हे अजूनही घडते, आणि एका मात्रेने आडनाव बदलते. गिंपमध्ये मुक्ता, बलू किंवा नोटो सान्स देवनागरी यांसारखा युनिकोड फॉन्ट घेऊन नाव वेगळ्या थरावर लिहावे, `Shift+P` ने पर्स्पेक्टिव्ह साधन घेऊन त्या थराचे चार कोपरे कोऱ्या पाटीच्या चार कोपऱ्यांवर बसवावेत, आणि गडद अक्षरे असतील तर थराचा मोड `Multiply` करावा, म्हणजे पाटीवरील सावली अक्षरांतूनही दिसते. अक्षरांच्या कडा चित्रापेक्षा फार तीक्ष्ण दिसल्या, तर अर्धा ते एक पिक्सेल ब्लर द्यावा.

फोटोशॉपमध्ये काम करणाऱ्यांनी मजकुराच्या सेटिंगमध्ये `World-Ready Layout` निवडलेले आहे ना, हे आधी पाहावे. ते नसेल तर ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे न बसता उजवीकडे जाते आणि जोडाक्षरे पाय मोडून उभी राहतात. जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये युनिकोड मजकूर तसाच चिकटवला तरीही असाच गोंधळ होतो, आणि मग गिऱ्हाईक त्याचे खापर चित्र-मॉडेलवर फोडते.

फ्लेक्स छापणाऱ्याकडे फाइल देताना अक्षरांचे थर कर्व्हमध्ये रूपांतरित करून पीडीएफ द्यावी, कारण त्याच्या संगणकावर आपला फॉन्ट नसेल तर दुसराच फॉन्ट बसतो. थर सुटे ठेवलेली मूळ फाइल आणि चित्राचा सीड आपल्याकडे ठेवावा, म्हणजे मालकाने ऐन वेळी छताचा रंग बदलायला सांगितला तरी तेवढाच भाग मास्क करून नव्याने काढता येतो आणि पाटीवरचे नाव जसेच्या तसे राहते.